इंक टँक की लेझर? सीमाभागातील घरगुती कार्यालयासाठी प्रिंटरची निवड

बेळगावच्या खडेबाजारात किंवा निपाणीच्या पेठेत घरातूनच करसल्ला, दस्तलेखन, भाषांतर अथवा विमा प्रतिनिधीचे काम करणाऱ्यांच्या टेबलावर एका दिवसात नाना तऱ्हेचे कागद येतात. निपाणी परिसरातील एखाद्या कुटुंबाची जमीन थोडी कर्नाटकात, तर थोडी शेजारच्या कागल तालुक्यात असते. अशा वेळी एका फाइलमध्ये कन्नडमधील पहाणी, मराठीतील सातबारा, इंग्रजीतील करारनामा, रंगीत नकाशा आणि पासपोर्ट आकाराचे फोटो एकत्र येतात. व्यापाऱ्यांची बिले आणि त्यांवरचे क्यूआर कोड यांची त्यात भर पडते. हे सारे एकाच प्रिंटरवर छापायचे, तर शाईच्या टाकीचा, म्हणजे इंक टँक प्रिंटर घ्यावा की लेझर, हा प्रश्न उभा राहतो. गोव्यातून चोर्ला घाटमार्गे बेळगावला खरेदीस येणाऱ्यांपुढेही हाच प्रश्न असतो.

दुकानात याचे उत्तर बहुधा प्रति पान किती पैसे, एवढ्यावरच दिले जाते. तो हिशेब हवाच. परंतु त्याआधी छापलेला कागद पुढे कोठे जाणार, तो पावसात भिजण्याचा संभव किती आणि प्रिंटर सलग किती दिवस बंद राहणार, हे पाहिले पाहिजे. दोन्ही यंत्रांची कार्यपद्धती मुळातच भिन्न असल्याने त्यांचे गुणदोषही निरनिराळ्या ठिकाणी प्रकट होतात.

कागदावर नेमके काय उमटते?

इंक टँक प्रिंटरमध्ये द्रवरूप शाईचे अतिसूक्ष्म थेंब हेडच्या छिद्रांतून कागदावर फेकले जातात. ही शाई दोन प्रकारची असते. डाय शाईत रंग पाण्यात पूर्ण विरघळलेला असतो. तो कागदाच्या तंतूंत मुरतो, फोटोत खुलून दिसतो. पण पाणी लागताच पुन्हा विरघळून पसरतो. पिगमेंट शाईत रंगाचे घन कण द्रवात तरंगत असतात. द्रव सुकल्यावर हे कण कागदाच्या पृष्ठभागावर घट्ट बसतात आणि पाण्याच्या थेंबाने सहसा पसरत नाहीत.

लेझर प्रिंटरमध्ये शाई नसतेच. प्लॅस्टिकसदृश राळेची अतिसूक्ष्म पूड, म्हणजे टोनर, विद्युतभाराच्या साहाय्याने ड्रमवर आणि तेथून कागदावर येते. त्यानंतर फ्यूजर नावाचा रूळ सुमारे २०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापून ती पूड वितळवतो आणि कागदावर चिकटवतो. म्हणूनच लेझरचा कागद बाहेर येतो तेव्हा गरम असतो. ही अक्षरे पाण्याने फुटत नाहीत.

हा फरक सीमाभागात विशेष महत्त्वाचा ठरतो. जून ते सप्टेंबर या काळात बेळगाव, खानापूर आणि गोव्याच्या बाजूला पाऊस सतत असतो. दस्ताची पिशवी दुचाकीवरून नोंदणी कार्यालयात किंवा न्यायालयात नेताना एक कोपरा जरी भिजला, तरी डाय शाईतील सर्व्हे क्रमांक निळसर डागात विरून जाऊ शकतो. क्षेत्राच्या आकड्यातील एक अंक वाचता आला नाही, तर तो कागद पुन्हा छापून सर्वांच्या सह्या नव्याने घेणे ओघाने येते. प्रिंटर घेण्यापूर्वी दुकानात एक पान छापून घ्यावे, पाच मिनिटे थांबावे आणि ओल्या बोटाने अक्षरांवरून एकदा पुसून पाहावे. ही साधी परीक्षा माहितीपत्रकापेक्षा अधिक सांगते.

येथे एक गोष्ट ध्यानी ठेवावी. सर्वच टँक प्रिंटरमध्ये काळी शाई पिगमेंट नसते. उदाहरणार्थ, एप्सनच्या लोकप्रिय प्राथमिक मॉडेलांत चालणारी ००३ क्रमांकाची काळी शाई डाय प्रकारची आहे. तर त्यावरच्या श्रेणीतील काही मॉडेलांत चालणारी ००१ क्रमांकाची काळी शाई पिगमेंट प्रकारची आहे. एचपीच्या टँक प्रिंटरमधील जीटी ५३ ही काळी शाईही पिगमेंट आहे. रंगीत शाया मात्र या तिन्ही ठिकाणी डायच्याच असतात. त्यामुळे दस्ताचा मजकूर ‘शुद्ध काळ्या’ रंगातच छापावा. साध्या कागदाऐवजी फोटोच्या कागदाची निवड चुकून राहिली, तर काही प्रिंटर काळा रंग तीन रंगांच्या मिश्रणातून तयार करतात आणि पिगमेंट शाई असूनही अक्षरे पाण्याला टिकत नाहीत.

देवनागरी अक्षरांची कसोटी

देवनागरीत अनुस्वाराचा एक ठिपका अर्थ बदलतो आणि शिरोरेषेची आडवी ओळ सलग असावी लागते. स्वस्त, मऊ कागदावर द्रव शाई तंतूंमधून किंचित पसरते. त्यामुळे लहान टंकातील जोडाक्षरांच्या पोकळ्या बुजतात. कन्नडच्या वाटोळ्या अक्षरांचेही तसेच होते. लेझरच्या अक्षराची कड त्या मानाने रेखीव येते. दहा किंवा त्याहून लहान टंकात तक्ते छापायचे असल्यास हा फरक डोळ्यांना जाणवतो. टँक प्रिंटरवर ७५ किंवा ८० जीएसएमचा बऱ्यापैकी कागद वापरला आणि ‘ड्राफ्ट’ ऐवजी ‘स्टँडर्ड’ प्रत निवडली, की बहुतांश कामांत तो मिटतो.

दोषही निरनिराळे दिसतात आणि त्यावरून कारण ओळखता येते. टँक प्रिंटरमध्ये छिद्र बुजले, तर हेड ज्या दिशेने फिरते त्या दिशेने, म्हणजे अक्षरांवरून आडवी, बारीक पांढरी रेघ येते. ती नेमकी शिरोरेषेवर पडली तर ओळीतील सर्व अक्षरे बोडकी दिसतात. उभ्या रेघा, काना किंवा दंड दातेरी दिसू लागले, तर छिद्रे शाबूत असून हेडची जुळणी बिघडलेली असते; त्यासाठी साफसफाई न करता ‘अलाइनमेंट’ करावी. लेझरमध्ये एकाच पानावर ठरावीक अंतराने तोच ठिपका पुन्हा पुन्हा उमटला, तर दोष ड्रमवर असतो, कारण ते अंतर ड्रमच्या परिघाएवढे असते. लहान यंत्रांत ते बहुधा ७५ किंवा ९४ मिलिमीटर भरते. पान सर्वत्र फिके येत असेल, तर टोनर संपत आलेला असतो. बोटाने घासल्यावर पूड निघत असेल, तर फ्यूजर पुरेसा तापत नाही किंवा कागदाच्या जाडीची निवड चुकली आहे.

पावसाळा, उन्हाळा आणि वीज

दमट हवेत कागद ओलावा शोषून घेतो. लेझरमध्ये असा कागद गेला की फ्यूजरच्या उष्णतेने त्यातील ओलाव्याची वाफ होते, कागद वळतो आणि अडकतो. टोनरही नीट उतरत नसल्याने अक्षरे पुसट येतात. यंत्र बिघडले असे समजून कारागिराला बोलावण्याआधी नवे, बंद रीम फोडून दहा पाने छापून पाहावीत. दोष नाहीसा झाला, तर तो कागदातच होता. पावसाळ्यात ट्रेमध्ये दिवसाच्या गरजेपुरताच कागद ठेवून उरलेले रीम हवाबंद पिशवीत बांधून ठेवावे. टँक प्रिंटरला ओल्या कागदाचा त्रास कमी. पण शाई उशिरा सुकते आणि पानाच्या दोन्ही बाजूंवर छापताना ती पुसली जाते.

उन्हाळ्यात चित्र उलटे होते. मार्च ते मे या काळात टँक प्रिंटर दोन-तीन आठवडे बंद राहिला, तर हेडच्या सूक्ष्म छिद्रांत शाई सुकते. यावर उपाय सोपा आहे: आठवड्यातून एकदा चारही रंग असलेले एक पान छापावे. त्याहून महत्त्वाची सवय म्हणजे प्रिंटर नेहमी त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद करणे. बटण दाबल्यावर हेड आपल्या जागी जाऊन त्यावर झाकण बसते; त्यानंतरच भिंतीवरचे बटण बंद करावे. छपाई चालू असतानाच भिंतीवरचे बटण बंद केले, तर हेड उघडे राहते आणि सुकते. वीज अचानक गेल्यास ती परत आल्यावर प्रिंटर एकदा सुरू करून बटणानेच बंद करावा.

हेड बुजल्यास आधी ‘नॉझल चेक’चे पान काढावे, मग एकदा साफसफाई करून पुन्हा तेच पान पाहावे. दोन-तीनदा करूनही फरक पडला नाही, तर लागोपाठ साफसफाई न करता प्रिंटर बंद करून काही तास ठेवावा. सुकलेली शाई अनेकदा तेवढ्यात मऊ होते. प्रत्येक साफसफाईत शाई खर्च होते आणि ती प्रिंटरच्या तळाशी असलेल्या शोषक पॅडमध्ये जमा होते. हे पॅड भरले, की प्रिंटर छपाई थांबवतो. काही मॉडेलांत ते पॅड एका पेटीत असते व मालकाला स्वतः बदलता येते. इतरांत यंत्र सेवा केंद्रात न्यावे लागते. खरेदीच्या वेळी विचारण्याजोगा हा प्रश्न आहे.

लेझर महिनाभर बंद राहिला तरी टोनरची पूड सुकत नाही. पहिलेच पान ठीक येते. त्याची अडचण विजेची आहे. फ्यूजर तापताना लेझर काही क्षण हजार वॅटच्या आसपास किंवा त्याहून अधिक वीज ओढू शकतो. घरगुती लहान इन्व्हर्टर किंवा संगणकाचा यूपीएस त्या ओढीने बंद पडतो आणि सोबत संगणकही जातो. म्हणून लेझर कधीही यूपीएसच्या बॅटरीवरील सॉकेटला जोडू नये. टँक प्रिंटर छपाईच्या वेळी जेमतेम दहा-पंधरा वॅट घेतो. वीज गेल्यावरही लहान इन्व्हर्टरवर निर्धास्त चालतो. वारंवार वीज जाणाऱ्या वस्तीत दुपारी चारपर्यंत दस्त पोहोचवायचा असेल, तर हा एकच मुद्दा निवड ठरवू शकतो.

एका घरगुती कार्यालयाचा हिशेब

उत्पादक जी पानांची संख्या सांगतात, ती आंतरराष्ट्रीय मानकातील ठरावीक नमुना पाने छापून काढलेली असते. ढोबळमानाने प्रत्येक रंगाने पानाचा ५ टक्के भाग व्यापला जाईल, असे त्यात गृहीत असते. भरगच्च दस्त, तक्ते आणि ठळक मथळे यांत याहून अधिक शाई लागते. म्हणून घरचा हिशेब करताना सांगितलेल्या संख्येच्या दोन तृतीयांश धरणे शहाणपणाचे.

खडेबाजारातील एका काल्पनिक करसल्लागाराच्या कार्यालयाचे उदाहरण घेऊ. तेथे महिन्याला ४०० पाने छापली जातात: ३०० काळा मजकूर, ८० रंगीत पत्रे व नकाशे आणि २० फोटो. पुढील किमती केवळ हिशेब समजावा म्हणून धरलेल्या आहेत. खरेदीच्या दिवशीचे भाव त्या जागी घालावेत.

लेझरसाठी ब्रदरच्या टीएन-२३६५ टोनरची सांगितलेली क्षमता २६०० पाने आहे आणि त्याच्या वेगळ्या ड्रमची १२,००० पाने. टोनर २,६०० रुपयांचा धरला आणि क्षमता दोन तृतीयांश मानली, तर प्रति पान दीड रुपया पडतो. ड्रम ६,००० रुपयांचा धरल्यास त्याचे ५० पैसे. एकूण २ रुपये. वर्षाची ३,६०० काळी पाने म्हणजे ७,२०० रुपये. रंगीत ९६० पाने बाहेर १० रुपये दराने छापून घेतली, तर आणखी ९,६०० रुपये. फोटोंचा खर्च वेगळा.

टँक प्रिंटरसाठी एप्सनची ००१ क्रमांकाची काळी बाटली १२७ मिलिलिटरची असून तिची सांगितलेली क्षमता ७५०० पाने आहे. दोन तृतीयांश म्हणजे ५,००० पाने. बाटली ९०० रुपयांची धरली, तर प्रति पान १८ पैसे आणि वर्षाची काळी छपाई ६४८ रुपयांत. रंगीत पान ५० पैशांना धरले, तर ४८० रुपये. साफसफाईत जाणारी शाई म्हणून ही बेरीज दुप्पट केली, तरी वर्षाचा खर्च सव्वादोन हजारांच्या आसपास राहतो. लेझरच्या १६,८०० रुपयांशी तुलना केली, तर वर्षाला सुमारे साडेचौदा हजारांचा फरक पडतो. रंगीत पानांचे प्रमाण पाचात एक असल्याने हे घडते.

आता तेच कार्यालय निवृत्तीनंतर महिन्याला जेमतेम ५० पाने छापू लागले आणि त्यांत रंगीत पाचच उरली, असे समजा. लेझरचा वर्षाचा खर्च १,०८० रुपये आणि बाहेरच्या रंगीत छपाईचे ६०० रुपये, मिळून १,६८० रुपये. टँकवर छपाई यापेक्षा पुष्कळ स्वस्त. परंतु यंत्र दिवसेंदिवस बंद राहणार. एकदा हेड कायमचे बुजले आणि बदलावे लागले, तर अनेक वर्षांची बचत एका दिवसात संपते. कमी आणि अनियमित कामात लेझरचा जास्तीचा दर हा निर्धास्तपणाचा मोबदला ठरतो.

जाड कागद, प्लॅस्टिकची फाइल आणि फोटो

जाड किंवा मुद्रांकासारख्या मौल्यवान कागदावर छापताना लेझरमध्ये हाताने कागद घालण्याचा सरळ मार्ग वापरावा, मागचे झाकण उघडता येत असल्यास उघडावे आणि प्रिंटरच्या निवडीत ‘जाड कागद’ नोंदवावा. मगच फ्यूजर पुरेसा तापतो आणि कागद वळत नाही. त्याच मापाच्या साध्या कागदावर आधी एकदा मजकूर छापून समास तपासावा. लीगल आकाराचा, म्हणजे १४ इंच लांबीचा कागद घेतो की नाही, हे दोन्ही प्रकारांत विकत घेण्यापूर्वी पाहावे.

इंकजेटसाठी बनवलेला चकचकीत फोटो कागद लेझरमध्ये कधीही घालू नये. त्यावरचा लेप फ्यूजरच्या उष्णतेने वितळून रुळाला चिकटतो आणि दुरुस्ती नव्या यंत्राच्या किमतीजवळ जाते. राळ वितळवून केलेल्या उठावदार छपाईची लेटरहेडही याच कारणाने लेझरला वर्ज्य आहेत. उलट, लेझरने छापलेला दस्त स्वस्त पीव्हीसीच्या पारदर्शक पिशवीत वर्षानुवर्षे ठेवू नये. पिशवीतील प्लॅस्टिक मऊ करणारे द्रव्य टोनरला चिकटते आणि अक्षरे कागद सोडून पिशवीवर जातात. जुन्या फाइली उघडताना अनेकांना आलेला हा अनुभव आहे. जपून ठेवायच्या दस्तासाठी कागदी फोल्डर किंवा पॉलिप्रॉपिलीनची पिशवी घ्यावी.

घाट ओलांडून नेताना

बेळगावात घेतलेला टँक प्रिंटर गोव्याला न्यायचा असेल, तर दुकानात शाई भरून घेऊ नये. बंद खोक्यातच न्यावा आणि घरी पहिल्यांदा शाई भरावी. भरलेला प्रिंटर हलवावाच लागला, तर टाक्यांची झाकणे घट्ट करावीत, वाहतुकीची खिट्टी असल्यास ती लावावी आणि यंत्र गाडीत सपाट ठेवावे. घाटाच्या वळणांवर ते कलंडले, तर शाई बाहेर सांडते किंवा नळ्यांत हवा शिरते, आणि हवा शिरली की पुन्हा शाई ओढण्यात बरीच शाई वाया जाते. टाकीतील पातळी खालच्या खुणेखाली जाऊ न देण्याचे कारणही हेच. वॉरंटी ठरावीक काळाची की ठरावीक पानांची, यांपैकी जे आधी संपेल ते, हे वाचावे आणि आपल्या गावाजवळ सेवा केंद्र आहे का, ते पाहून घ्यावे.

सारांश, रोज छपाई असेल आणि तीत रंगाचा वाटा लक्षणीय असेल, तर काळी शाई पिगमेंट असलेला टँक प्रिंटर घ्यावा. डाय काळ्या शाईचा स्वस्त टँक दस्ताच्या कामाला घेऊ नये. काम प्रामुख्याने काळ्या मजकुराचे, अधूनमधून येणारे आणि विजेची सोय भरवशाची असेल, तर दोन्ही बाजूंवर आपोआप छापणारा काळा-पांढरा लेझर घ्यावा आणि फोटो स्टुडिओतूनच काढून घ्यावेत. निर्णय होत नसेल, तर एक महिना रोज किती पाने छापली, त्यांत रंगीत किती आणि सलग किती दिवस छपाई झाली नाही, एवढे वहीत टिपावे. हे तीन आकडे हाती असले, की दुकानदाराला काय विचारायचे ते आपोआप ठरते.